सृष्टी ते जाती: चार फोटोंतल्या पानांची उतरंड

सजीवांच्या वर्गीकरणाच्या छापील पानांचे चार फोटो होते, त्यांवरून ही एकच उतरंड लावली आहे. पायरी ठरवताना छापील शब्द (संघ, गण, कुल) पाहिला आहे, डावा समास नाही. फोटो तिरका आला की समास सरकतो आणि कुल गणाच्या रांगेत बसल्यासारखं दिसतं.

सृष्टी: प्राणी
- संघ: कॉर्डाटा
  - वर्ग: मॅमेलिया (सस्तन)
    - गण: प्रायमेट्स
      - कुल: होमिनिडी
        - प्रजाती: होमो
          - जाती: होमो सेपियन्स – माणूस
    - गण: कार्निव्होरा
      - कुल: फेलिडी
        - प्रजाती: पँथेरा
          - जाती: पँथेरा टायग्रिस – वाघ
          - जाती: पँथेरा लिओ – सिंह
          - जाती: पँथेरा पार्डस – बिबट्या
        - प्रजाती: फेलिस
          - जाती: फेलिस कॅटस – मांजर
      - कुल: कॅनिडी
        - प्रजाती: कॅनिस
          - जाती: कॅनिस ल्युपस – लांडगा
  - वर्ग: एव्हीज (पक्षी)
    - गण: पॅसेरिफॉर्मीस
      - कुल: कॉर्व्हिडी
        - प्रजाती: कॉर्व्हस
          - जाती: कॉर्व्हस स्प्लेंडेन्स – कावळा
- संघ: आर्थ्रोपोडा
  - वर्ग: इन्सेक्टा (कीटक)
    - गण: डिप्टेरा
      - कुल: मुस्किडी
        - प्रजाती: मुस्का
          - जाती: मुस्का डोमेस्टिका – घरमाशी

सृष्टी: वनस्पती (इथे संघाऐवजी विभाग)
- विभाग: आवृत्तबीजी
  - वर्ग: द्विबीजपत्री
    - गण: सॅपिंडेलीस
      - कुल: ॲनाकार्डिएसी
        - प्रजाती: मँजिफेरा
          - जाती: मँजिफेरा इंडिका – आंबा
  - वर्ग: एकबीजपत्री
    - गण: पोएलीस
      - कुल: पोएसी
        - प्रजाती: ट्रिटिकम
          - जाती: ट्रिटिकम एस्टिव्हम – गहू
        - प्रजाती: ओरायझा
          - जाती: ओरायझा सटायव्हा – भात

कुठे काय दुरुस्त केलं

फोटो २ थेट "कुल: कॅनिडी" पासून सुरू होतो, त्याचा गण फोटो १ च्या तळाशी आहे. फोनमध्ये मात्र फोटो ३ आधी दिसतो. त्याच क्रमाने उतरवलं असतं तर लांडगा डिप्टेरात, म्हणजे माश्यांच्या गणात, गेला असता. म्हणून पानांवरचे आकडे पाहून क्रम लावला.

फोटो ४ ची उजवी कड कापली गेली आहे: "सॅपिं…" आणि "ॲनाकार्डि…" एवढंच दिसतं. नावांच्या शेवटांचा इथे फार उपयोग होतो. प्राण्यांच्या कुलाचं नाव "इडी" ने संपतं, वनस्पतींच्या कुलाचं "एसी" ने आणि वनस्पतींच्या गणाचं "एलीस" ने. प्राण्यांच्या गणांना असा एकच ठरलेला शेवट नाही, तिथे अंदाजाने अक्षरं भरू नका.

पानावर "पँ. लिओ" असं आखूड छापलंय. इथे प्रत्येक जातीचं नाव पूर्ण लिहिलं, कारण एखादी ओळ वेगळी काढली की "पँ." म्हणजे काय ते कळत नाही.

फोटो १ मध्ये वाघ "फेलिस टायग्रिस" आहे. ही छपाईची चूक नाही. लिनिअसने १७५८ मध्ये हेच नाव दिलं होतं. आज वाघ पँथेरा प्रजातीत धरतात, म्हणून तिथे हलवला.

वहीत ही नावं रोमन लिपीत उतरवताना प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, आणि दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. एकच सलग रेघ ओढू नका.