अभिरूप संसद: उमेदवारीचं वय 21 करायचं विधेयक, माझं भाषण (रेकॉर्डिंगवरून जसंच्या तसं)

कॉलेजचा सेमिनार हॉल, शुक्रवार, दुपारचे साडेबारा. मी रायगडची खासदार, पक्षाला मिळालेला वेळ एकूण सात मिनिटं. कंसातलं सगळं माझं, बाकी जे बोललं गेलं तेच टाइप केलंय, अडखळणं तेवढं काढलंय.

अध्यक्षा: सन्माननीय सदस्या, रायगड.

मी: धन्यवाद अध्यक्ष महोदया. मला बोलायची संधी दिल्याबद्दल मी आपली आभारी आहे. मी असा प्रस्ताव मांडते की, संविधानाच्या अनुच्छेद 84 मध्ये दुरुस्ती करून लोकसभेच्या उमेदवारीचं किमान वय 25 वरून 21 करणारं माझं अशासकीय विधेयक विचारात घेण्यात यावं. अध्यक्ष महोदया, मी सभागृहाच्या निदर्शनास आणून देऊ इच्छिते की...

नागपूर: अध्यक्ष महोदया, हरकतीचा मुद्दा!

अध्यक्षा: रायगड, आपण खाली बसा. नागपूर, कुठल्या नियमाखाली?

नागपूर: लोकसभेच्या कार्यपद्धतीचा नियम 352. अध्यक्षांच्या परवानगीशिवाय लिहिलेलं भाषण वाचता येत नाही, आणि सन्माननीय सदस्या पहिल्या वाक्यापासून कागदातच डोकं घालून आहेत.

(हॉलमध्ये हशा. खरं तर प्रस्तावाचं वाक्य वाचलेलं चालतं, पण त्याच्यापुढचंही मी वाचतच होते हे त्याने बरोबर पकडलं.)

अध्यक्षा: प्रस्ताव वाचायला हरकत नाही. पुढच्या भाषणापुरता मुद्दा ग्राह्य. टिपणं हातात ठेवा, भाषण वाचू नका. बोला.

मी: आपला निर्णय मला मान्य आहे महोदया. (कागद बाकावर उलटा ठेवला, हात थरथरत होता.) तर महोदया, संविधान लागू झालं तेव्हा मतदाराचं वय होतं 21 आणि उमेदवाराचं 25. मधलं अंतर चार वर्षं. मग 1988 च्या 61 व्या घटनादुरुस्तीने मतदाराचं वय 18 झालं, उमेदवाराचं मात्र तिथंच राहिलं, म्हणजे अंतर सात वर्षांवर गेलं. मतदार लवकर मोठा झाला असं या देशाने मान्य केलं, उमेदवार मात्र लवकर मोठा होत नाही हे कुठल्या हिशोबाने? आणि अनुच्छेद 243एफ बघा, पंचायतीची निवडणूक 21 व्या वर्षी लढवता येते. माझ्या मतदारसंघातली 21 वर्षांची मुलगी गावची सरपंच होऊ शकते, ग्रामसभेत लोकांच्या शिव्या खाऊ शकते, नळयोजनेच्या बिलांवर सही करू शकते, पण तीच मुलगी...

कायदामंत्री: अध्यक्ष महोदया, सदस्या क्षणभर थांबायला तयार असतील तर एक खुलासा करायचाय.

अध्यक्षा: रायगड, आपण थांबताय का? आपल्यावर बंधन नाही.

मी: मंत्रिमहोदयांसाठी मी खाली बसते महोदया, पण हा वेळ माझ्या वेळातून धरू नये अशी विनंती आहे.

(ही विनंती करायची असते हे मला आदल्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.)

अध्यक्षा: धरला जाणार नाही. मंत्रिमहोदय, थोडक्यात.

कायदामंत्री: महोदया, संविधान सभेत स्वतः डॉ. आंबेडकरांची भूमिका अशी होती की उमेदवाराकडे मतदारापेक्षा जास्त पात्रता हवी, जगाचा काही अनुभव हवा. सन्माननीय सदस्या त्यांच्यापेक्षा शहाण्या असतील तर माझं काही म्हणणं नाही, कॉलेजच्या पोरीटोरींनी...

मी: अध्यक्ष महोदया, हा शब्द कामकाजातून काढून टाकावा!

(आमच्या बाकांवरून गोंधळ, कोल्हापूर तर उभाच राहिला.)

अध्यक्षा: शांत रहा. कोल्हापूर, खाली बसा. अध्यक्ष उभे असताना सदस्य उभे राहत नाहीत. तो शब्द कामकाजातून काढला जाईल. मंत्रिमहोदय, आपण माझ्याकडे बघून बोला, त्यांच्याकडे नाही.

कायदामंत्री: महोदया, मी तो शब्द मागे घेतो.

अध्यक्षा: रायगड, पुढे बोला. आपली चार मिनिटं शिल्लक.

मी: धन्यवाद. मंत्रिमहोदयांनी बाबासाहेबांचं नाव घेतलं त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, कारण त्याच चर्चेतली दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही. राज्यसभेसाठी तेव्हा 35 वय सुचवलं होतं. ते 30 करा ही दुरुस्ती आणली दुर्गाबाईंनी, आणि ती स्वीकारली गेली, म्हणून तर आज राज्यसभेचं वय 30 आहे. म्हणजे वयाचा आकडा दगडावर कोरलेला नव्हता महोदया, तिथंच, त्याच सभागृहात तो खाली आला. आणि माझ्या मतदारसंघाला याचा जरा जास्त अभिमान आहे. 1952 साली तेव्हाच्या कुलाब्यातून लोकसभेवर गेले चिंतामणराव देशमुख, आणि पुढच्याच वर्षी दुर्गाबाईंचं लग्न झालं ते त्यांच्याशी. तेव्हा नात्याने त्या आमच्याच. (बाकं वाजली. हे कागदावर नव्हतं, आजीकडून ऐकलेलं तोंडात आलं, नंतर तपासलं तर बरोबर निघालं, नाहीतर पंचाईत होती.) अनुभवाचं म्हणाल तर 25 व्या वाढदिवसाला सकाळी उठल्यावर अनुभव येतो का? अनुभव हवा की नको ते मतदार ठरवतील महोदया, हा कायदा त्यांना निवडच करू देत नाही. मी कुणाला तिकीट द्या म्हणत नाहीये, फक्त अर्ज भरू द्या म्हणतेय.

(घंटा. दोन मिनिटं राहिली होती.)

मी: महोदया, मी संपवते. पंचायतीचा मुद्दा माझ्यापेक्षा सोलापूरच्या सन्माननीय सदस्यांना जास्त नीट माहितीये, त्यांची आई सरपंच आहे. आपली परवानगी असेल तर माझा उरलेला वेळ त्यांना द्यावा अशी विनंती करते.

अध्यक्षा: वेळ सदस्यांचा नसतो, पक्षाचा असतो, आणि तो कुणाला द्यायचा ते आसन ठरवतं. आपल्या पक्षप्रतोदांची हरकत नाही ना? ठीक. सोलापूर, दीड मिनिट.

(मी दोन मागितली, दीड मिळाली. आसनाशी घासाघीस चालत नाही.)

सोलापूर: आदरणीय अध्यक्ष महोदया, मी सन्माननीय सदस्या रायगड यांचा ऋणी आहे. एवढंच सांगतो, माझी आई निवडून आली तेव्हा ग्रामसेवकाने पहिल्या दिवशी कागदांचा गठ्ठा पुढं टाकला आणि म्हणाला सह्या करा. तिने केल्या नाहीत. घरी आणून रात्री माझ्याकडून एकेक कागद वाचून घेतला, तेव्हा मी बारावीत होतो. दोन बिलं एकाच कामाची निघाली, ती तिने परत पाठवली. त्यात वय कुठं आलं ते मंत्रिमहोदयांनी उत्तरात सांगावं. मी विधेयकाला पाठिंबा देतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

अध्यक्षा: धन्यवाद, आपण वेळेआधी बसलात, याची नोंद घ्यावी.

(मग मंत्र्यांचं उत्तर झालं, ते लांबलचक होतं आणि ग्रामसेवकाचं नावही त्यात नव्हतं, म्हणून इथं देत नाही.)

अध्यक्षा: आता मी प्रस्ताव मताला टाकते. जे बाजूने असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं. (होय!) जे विरोधात असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं. (नाही!) मला वाटतं, होयकारांची...

नागपूर: मतविभागणी हवी, महोदया!

अध्यक्षा: घटनादुरुस्ती आहे, मतविभागणी तशीही घ्यावीच लागणार. दारं बंद करा.

(एकूण 60 सदस्य, हजर 54. अध्यक्षा मत देत नाहीत, बरोबरी झाली तरच देतात, म्हणून मतं 53. बाजूने 33, विरोधात 20.)

अध्यक्षा: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आहे, पण हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश म्हणजे 36 मतं हवी होती, ती मिळाली नाहीत. प्रस्ताव नामंजूर. सभागृहाचं कामकाज दुपारी दोन वाजेपर्यंत तहकूब करण्यात येत आहे.

(बाहेर पुलावाच्या रांगेत नागपूर माझ्या मागेच होता. म्हणाला, कागद ठेवलास म्हणून बरी बोललीस, थँक्यू म्हण. मी म्हटलं, आसनामार्फत बोल.)