विषय: वेबसाइटमधले बदल, ब्लॉग आणि 20 तारीख

नमस्कार मॅडम,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आमचं समाधान होईपर्यंत बदल करून द्या, आणि ब्लॉग, सोशल मीडियाच्या पोस्टही यातच बसवा." घाईत काहीतरी बोलण्यापेक्षा नीट लिहावं म्हणून हा मेल.

बदल कितीही वेळा, हे मला जमणार नाही. आपल्या कोटेशनमध्ये पाच पानं आणि बदलांच्या दोन फेऱ्या आहेत. होमपेजच्या चार झाल्या. खरं तर तिसरीलाच मी हे बोलायला हवं होतं. 'एवढंसंच तर आहे' म्हणत करत गेलो, आणि त्यातून तुमचा तसा समज झाला असेल तर चूक माझी. त्या दोन जादा फेऱ्यांचे पैसे लावणार नाही.

आणखी एक फेरीही माझ्याकडून करून देतो. फक्त सगळे बदल एकाच यादीत आणि तुमच्याकडूनच यावेत. तुमच्या भागीदारांनी हेडर गडद करायला सांगितला, दोन दिवसांनी मार्केटिंगकडून तोच फिका करायचा निरोप आला. मी दोन्ही केलं! हेडर पाचही पानांवर असतो, मोबाइलवर त्याची मांडणी वेगळी होते, त्यामुळे रंग बदलला की सगळं पुन्हा तपासावं लागतं. दिवस त्यात जातो आणि साइट आहे तिथेच राहते.

या फेरीनंतर डिझाइनमध्ये काही बदलायचं झालं तर कोटेशनमधल्या तासाच्या दराने करेन. किती तास लागतील ते आधी सांगेन, तुम्ही हो म्हणालात तरच हात लावेन. न उघडणारी लिंक, न चालणारा फॉर्म, माझ्याकडून राहिलेली चूक, हे बदलांत धरत नाही. साइट सुरू झाल्यापासून 30 दिवस ते विनामूल्य.

ब्लॉगची कल्पना मला आवडली. तो सहावं पान म्हणून हवा असेल तर आधीच्याच प्रतिपान दराने करतो. खर्च वाढवायचा नसेल तर गॅलरीच्या पानाला मी अजून सुरुवात केलेली नाही. त्याऐवजी ब्लॉग घेऊ, रक्कम तीच राहील. (गॅलरीसाठी पुरेसे फोटो अजून आलेले नाहीत, म्हणून मला हेच सोयीचं वाटतं.) पोस्टचं काम मात्र मी घेत नाही. ते रोजचं काम आहे, तुमच्या मार्केटिंगच्या माणसांना जास्त चांगलं जमेल. लोगोच्या फाइल, रंगांचे कोड आणि फॉन्टची नावं त्यांना पाठवतो, म्हणजे पोस्ट साइटशी जुळतील.

यादी गुरुवारपर्यंत मिळाली तर 20 तारीख पाळता येईल.

गॅलरी की ब्लॉग, की दोन्ही, तेवढं उद्या कळवाल का? त्या पानाचं काम सोमवारी सुरू करायचं आहे.

धन्यवाद.