सायली, 8वी ब, रोल नं. 27 – हजेरीबद्दलच्या तुमच्या मेलला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा मंगळवारचा मेल मिळाला. लगेच उत्तर द्यायला बसले होते पण म्हटलं आधी घरचं कॅलेंडर, सायलीची डायरी आणि दवाखान्याचे कागद समोर घेऊन सगळे दिवस नीट मोजू आणि मगच लिहू, म्हणून दोन दिवस गेले, त्याबद्दल सॉरी. आणि तुम्ही स्वतःहून कळवलंत हे खरंच बरं केलंत, नाहीतर रिझल्टच्या वेळीच आम्हाला कळलं असतं.

तुम्ही लिहिलंय की जूनपासून नोव्हेंबरअखेर 108 दिवस शाळा झाली आणि सायली 74 दिवस हजर, म्हणजे साधारण साडेअडुसष्ट टक्के. 34 दिवस गैरहजर. मी मोजले तर माझ्याकडेही 34 च येतात, पण त्यातल्या 3 दिवसांबद्दल मला वेगळं सांगायचंय, ते खाली लिहिते.

सगळ्यात मोठा भाग डेंग्यूचा. 4 ते 20 ऑगस्ट, शाळेचे 14 दिवस. ताप आला तेव्हा आम्हाला व्हायरल वाटला, तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर डेंग्यू पॉझिटिव्ह. ताप उतरला म्हणून आम्ही निवांत झालो आणि नेमक्या तेव्हाच प्लेटलेट्स 58 हजारांवर आल्या, डॉक्टर म्हणाले ताप उतरतानाच जास्त लक्ष ठेवावं लागतं, म्हणून दोन रात्री अ‍ॅडमिट केलं. घरी आल्यावरही आमच्या दोन मजल्यांच्या जिन्यात ती मध्ये एकदा पायरीवर टेकायची, मग पुढे चढायची. त्या अवस्थेत दप्तर घेऊन कसं पाठवणार, म्हणून डॉक्टरांनी फिट म्हणून लिहून देईपर्यंत घरीच ठेवलं. तेव्हा मी क्लासच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता पण रीतसर अर्ज दिला नव्हता, ते माझंच चुकलं. डिस्चार्ज कार्ड आणि फिटनेस सर्टिफिकेट दोन्ही या मेलला जोडलंय.

त्यानंतर 10 सप्टेंबरला सायलीचे आजोबा गेले. आम्ही सगळे तासगावजवळ गावी गेलो, दहाव्यापर्यंत तिथेच होतो, मग तेराव्यापर्यंत तिचे बाबा गावीच थांबले आणि मी तिला घेऊन पुण्याला आले. हे 9 दिवस. ती आजोबांजवळच वाढलीय मॅडम, पहिलीत जाईपर्यंत ती गावीच होती. तिला दोन दिवसांत परत आणायचं माझ्या मनात आलं होतं पण आजी तिला सोडेना आणि ती आजीला.

आता 5 दिवस असे आहेत जे जुलैपासून सुटे सुटे पडलेत, महिन्याला एक. तुमच्या लक्षात आलंच असेल. तिला पाळीच्या पहिल्या दिवशी खूप दुखतं, उलट्या होतात. आम्ही ऑक्टोबरमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना दाखवलं, काळजीचं काही नाही म्हणाल्या, गोळी कधी आणि किती घ्यायची ते लिहून दिलंय. नोव्हेंबरमध्ये गोळी वेळेत घेतली तर उलट्या झाल्या नाहीत, तरी सकाळी तिनं धीरच केला नाही म्हणून घरी राहिली. पुढच्या वेळेपासून तिला शाळेत पाठवायचं असं आम्ही दोघींनी ठरवलंय. फक्त गरज पडली तर तासभर सिक रूममध्ये पडू द्याल का? गरम पाण्याची पिशवी ती घरून आणेल.

दिवाळीच्या सुट्टीआधीचे 3 दिवस मात्र पूर्णपणे आमच्यामुळे बुडाले. परीक्षा संपली होती, आजोबांशिवायची पहिली दिवाळी होती, आजी एकटी, म्हणून आम्ही लवकर निघालो. त्यासाठी परवानगी घ्यायला हवी होती, घेतली नाही. यावर दुसरं काही कारण देत नाही.

आता सुरुवातीला म्हटलेले ते वेगळे 3 दिवस. त्यातले दोन दिवस सप्टेंबरच्या शेवटचे, एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेचे. सेंटर दुसऱ्या शाळेत होतं आणि आपल्या शाळेतूनच फॉर्म भरले होते, ड्रॉइंगचे सर स्वतः मुलांना घेऊन गेले होते. दोन्ही दिवशी तिने पेपर दिलेत, प्रवेशपत्राचा फोटो जोडलाय. हे दिवस गैरहजेरीत कसे लागले मला माहीत नाही, त्या आठवड्यात वर्गात बदली टीचर होत्या असं सायली म्हणते, त्यामुळे झालं असेल. तिसरा दिवस जुलैमधला, जोरात पाऊस होता, रस्त्यात पाणी, व्हॅन उशिरा पोचली. हजेरी घेऊन झाली होती, पण डायरीत त्या दिवशीचा ‘उशिरा आली, 8.10’ असा हिरव्या पेनाने शेरा आहे आणि खाली सही आहे. त्या पानाचाही फोटो पाठवतेय. हे तीन दिवस रजिस्टरमध्ये तपासून शक्य असेल तर दुरुस्त करावेत ही विनंती. तसं झालं तर 77 दिवस होतात, म्हणजे एकाहत्तर टक्क्यांच्या थोडं वर. तरीही लागणाऱ्या 75 टक्क्यांच्या खालीच आहे, ते मला मान्य आहे.

तुम्ही लिहिलंय की एप्रिलपर्यंत अजून साधारण 80 दिवस शाळा आहे. म्हणजे एकूण 188, त्याचे 75 टक्के 141. आत्ताचे 77 धरले तर तिला 80 पैकी निदान 64 दिवस यावंच लागेल. काठावर राहायचं नाही, आजारपण सोडून एकही दिवस बुडवायचा नाही असं घरी ठरलंय. फेब्रुवारीत माझ्या भाच्याचं लग्न आहे, ते रविवारी आहे, तिला सोमवारी शाळेत पाठवणार. आणि यापुढे गैरहजर असेल तर त्याच दिवशी सकाळी 7 च्या आत तुम्हाला मेल करेन, ग्रुपवर नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर इतिहास, मराठी तिने वह्या आणून भरून काढलंय. गणितात अडलंय. विस्तारसूत्रं शिकवली तेव्हा ती गावी होती आणि आता अवयव पाडताना तिला काही सुचत नाही, वही घेऊन नुसती बसते. आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते म्हणून मला याचीच जास्त काळजी आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर गणिताच्या सरांनी दोन-तीन वेळा अर्धा तास दिला तर चालेल का, तुम्ही विचारून बघाल? नाहीतर कुठली उदाहरणं आधी करायची तेवढं सांगितलंत तरी मी तिच्याकडून करून घेईन.

अजून एक, मॅडम, राग मानू नका. गेल्या आठवड्यात कमी हजेरीवाल्यांची नावं वर्गात वाचली गेली आणि सायलीला सगळ्यांसमोर कारण विचारलं गेलं. ती काहीच बोलली नाही, त्यामुळे ती उद्धटपणा करतेय असं वाटलं असेल. पण मुलांसमोर पाळीचं कसं सांगायचं आणि आजोबांचं सांगताना रडू येईल म्हणून ती गप्प राहिली, हे तिनं मला रात्री झोपताना सांगितलं. यापुढे काही विचारायचं असेल तर तिला बाजूला घेऊन विचारा किंवा सरळ मला फोन करा, दुपारी 1 नंतर मी कधीही उचलते. आणि पाळीबद्दल वर जे लिहिलंय ते तुमच्यापुरतंच ठेवा प्लीज.

रीतसर रजेचे अर्ज, सगळ्या तारखा घालून, सोमवारी सायलीबरोबर पाठवते. ओरिजिनल कागद बघायचे असतील तर शनिवारी 12.30 ला मी शाळेत येऊ शकते, तुम्हाला जमत असेल तर कळवा.

तुमची,
मनीषा (सायलीची आई)