फ्रेंचचे पहिले चार आठवडे: ताई, तुमच्यासाठी

वेळ: सोमवार ते शुक्रवार, जेवणानंतर ९ ते ९.४०. शनिवारी सुट्टी. रविवारी सकाळी अर्धा तास उजळणी.

आठवडा १. फक्त कान आणि तोंड. वही उघडू नका. ‘तू’ म्हणजे तू. पण त्यातला स्वर आपल्याकडे नाही. ओठ ‘ऊ’साठी गोल करा आणि आतून ‘ई’ म्हणा. रोज दहा मिनिटं, आरशासमोर. मग ‘बाँ’ आणि ‘बँ’ मधला फरक. शब्दाच्या शेवटची व्यंजनं बहुधा गिळली जातात, हे ऐकूनच अंगवळणी पडेल. अभिवादन आणि स्वतःची ओळख पाठ करा.

आठवडा २. ‘एत्र’ (असणे) आणि ‘आव्ह्वार’ (जवळ असणे), वर्तमानकाळात. ‘तू’ आणि ‘व्हू’ तुम्हाला जड जाणार नाही, आपलं तू-तुम्हीच ते. लिंगं मात्र दोनच, नपुंसक नाही: घर स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी. म्हणून नाम कधीही एकटं लिहू नका, पुल्लिंगी ‘ल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’सकट लिहा.

आठवडा ३. आकडे आणि वेळ. ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस, ९० म्हणजे चार-वीस-दहा. घरातले फोन नंबर मोठ्यानं वाचा. गुरुवारी उशीर झाला तर फक्त ऐका, पण दिवस चुकवू नका.

आठवडा ४. ‘-एर’नं संपणारी क्रियापदं, नकाराचं ‘न… पा’, बेकरीतला संवाद. टीव्ही५ माँद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर ए१ म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचे मोफत व्हिडिओ-सराव आहेत, रोज एक करा. शेवटच्या रविवारी दोन मिनिटं स्वतःबद्दल बोला, रेकॉर्ड करून मला पाठवा.