सुजे, हा मेसेज उडवायचा नाही

सुजे,

आधी एक काम कर. हा मेसेज दाबून धर आणि स्टार मार. तुझा फोन दर महिन्याला स्टोरेज फुल बोलतो आणि तू डोळे मिटून सगळं उडवून टाकतेस, माझ्या साखरपुड्याचे फोटो पण तसेच गेले, मी विसरलेली नाहीये. हा चौथा ड्राफ्ट आहे, अंगठा दुखायला लागलाय, परत टाईप करणार नाही.

खरं तर समोरच बोलणार होते. सोमवारी गाडीत ठरवूनच चढले होते की नायगाव गेलं की पुलावर विषय काढायचा, म्हणजे भाईंदर येईपर्यंत तुला रडायला वेळ मिळेल. पण पूल आला तेव्हा तुझ्या बाजूच्या काकूंना निर्माल्याची पिशवी खाडीत टाकायची होती, त्यांना दारापर्यंत वाट करून देण्यात पूल संपला, आणि भाईंदरला ती लाल ओढणीवाली "बोरिवली कोण, बोरिवली कोण" करत बरोबर आपल्या दोघींच्या मधे येऊन उभी राहिली. मंगळवारी तू झोपलीस. काल मीच घाबरले.

तर सांगते. ९ जानेवारी, शनिवार, दुपारी ४ वाजता, सांडोरला आमच्या चर्चमध्ये. तारीख तुला माहितीच आहे, हॉलच्या चकरांमध्ये तूच होतीस. नाताळच्या आधी आगमनकाळ, नंतर फेब्रुवारीत उपवासकाळ, त्यामुळे अख्खी वसई जानेवारीत लग्न करते आणि हॉलवाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात. ते जाऊदे. त्या दिवशी माझ्या बाजूला उभी राहशील का? म्हणजे पाहुणी म्हणून तिसऱ्या बाकावर नाही. वेदीसमोर, माझ्या डाव्या हाताला, माझा बुके हातात घेऊन. माझी मेड ऑफ ऑनर होशील का?

आता तू लगेच "अगं पण मी" असं टाईप करायला घेतलं असशील. थांब. मी तुला चांगली ओळखते, तुझे सगळे "पण" मी आधीच लिहून काढलेत.

पहिला पण, तू ख्रिश्चन नाहीस. मी फादरना विचारलं. लग्नाला दोन साक्षीदार लागतात, ते कॅथलिकच पाहिजेत असं काही नाही, लग्न होताना तिथे हजर असले आणि काय चाललंय ते त्यांना कळलं म्हणजे झालं. काय चाललंय ते तुला कळतं का हा प्रश्न आहेच, पण मी फादरना हो सांगितलंय. मिस्सा मराठीतच असते, सगळं समजेल. आम्ही उभे राहिलो की उभी राहा, बसलो की बस. कम्युनियनला सगळे रांगेत जातील तेव्हा तू जागेवरच बसायचं, तेवढंच. आणि दारात चप्पल काढायची नाही! मागच्या वेळी माझ्या भाचीच्या बाप्तिस्म्याला तू काढून ठेवलीस आणि नंतर अख्खं चर्च तुझी एक चप्पल शोधत होतं.

दुसरा पण, गाऊन. नको घालूस. साडी नेस, कुठली पण, फक्त पांढरी नको, ती माझी. नवीन घ्यायची नाही, ब्लाऊज शिवायचा असेल तर शिलाई माझ्याकडून. माझ्या गाऊनला मागे दीड मीटरचा शेपटा आहे, तो तुला सांभाळायचाय, मी वळले की उचलायचा, मी थांबले की पसरायचा. साडीच्या निऱ्या सावरत विरार फास्टमध्ये चढणाऱ्या बाईला हे काय जड आहे.

तिसरा पण तू टाईप करणार नाहीस. तो मीच लिहिते.

तुझ्या बहिणीच्या हळदीचं तू मला सांगितलं होतंस. दोन वर्षं झाली. खिडकीतून बाहेर बघत सांगितलंस, आवाज पण वर-खाली न करता, जसं काय भाजीचा भाव सांगतेस. की सगळ्या बायका आत हळद लावत होत्या आणि तुला कोणी नको असं म्हटलं नाही, फक्त "सुजाता, जरा प्लेटा मोजून घेतेस का गं, केटररवर विश्वास नाही" असं म्हणून मागच्या बाजूला पाठवलं. आणि तू मोजल्यास. एकशे चाळीस. तो आकडा तू मला सांगितलास, का सांगितलास ते मला तेव्हा कळलं नाही, घरी आल्यावर भांडी घासताना कळलं. तेव्हा काहीतरी बोलायला पाहिजे होतं, मी "कुठे उतरणार" विचारणाऱ्या बाईला "अंधेरी" एवढंच बोलले.

आमच्यात हे नसतं असं मी बोलणार नाही. आमच्या एका मावशीने नाव ऐकल्यावर नाक मुरडलंच, घटस्फोट झालेली बाई वेदीजवळ कशाला, कोणी कुमारिका बघा, घरात एवढ्या पोरी आहेत. मी तोंड उघडायच्या आधी आई बोलली, "पाण्यात मेणबत्ती घेऊन कोण उभी होती? तुझ्या पोरी?" विषय बंद. मावशी सध्या बोलत नाहीये, घरात शांतता आहे, त्याबद्दल पण थँक्यू.

तुला आठवतंय ना २०१८ चा जुलै? सोपाऱ्यात रुळांवर पाणी, गाडी वसईलाच थांबली, आणि मी तुला नीट ओळखत पण नव्हते, फक्त रोज खिडकीशी बसणारी निळ्या डब्याची मुलगी एवढंच. घरी चल म्हटलं, तू आलीस, गुडघाभर पाण्यातून. लाईट नाही. दोन रात्री राहिलीस. पहिल्याच रात्री पाणी ओट्याच्या पायरीला लागलं तेव्हा मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, आणि तू माझ्या आईबरोबर तांदळाचे डबे माळ्यावर चढवत होतीस, एका हातात मेणबत्ती. आईला तू तेव्हापासून लेक झालीस, मला नंतर. सुकेळीचं पहिलं पाकीट तुला जातं, मला उरलेलं.

आणि २०२२. त्याच्याबद्दल आपण कधी बोललोच नाही. माझं पहिलं लग्न मोडलं तेव्हा पाच आठवडे राहिले होते, सगळ्यांना ॲडव्हान्स देऊन झालेला, आणि मला फोनवर "कॅन्सल" हा एक शब्द उच्चारता येत नव्हता. तू माझी वही घेतलीस आणि सकाळच्या गाडीत बसून एकेकाला फोन लावलास. डेकोरेशनवाल्याशी तू मीरा रोडपासून कांदिवलीपर्यंत भांडलीस, अख्खा डबा ऐकत होता, ती बोरिवलीला उतरणारी मॅडम तर उतरायची विसरली. "दादा, फुलं तुम्ही आणलीत का? नाही ना? मग फुलांचे पैसे कसले?" आठवड्याने तू मला एक पाकीट दिलंस. आत पैसे आणि तुझ्या जुन्या पासाच्या मागे पेनने हिशोब. मंडप इतके, केक इतके, आणि खाली, "बँडवाल्याने ३००० बुडवले. त्याचं तोंड लक्षात ठेवलंय."

तो पास माझ्या बायबलमध्ये आहे. मेल्विनने एकदा विचारलं, हे काय, मी सांगितलं आणि तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग बोलला, ह्यावेळी बँड मी ठरवतो, सुजाताला दाखवून. म्हणजे तुझी भीती त्याला पण आहे. चांगलंच आहे.

बरं, कामं सांगते, नाहीतर तू विचारशील. आदल्या दिवशी सकाळपासून माझ्याकडे, रजा टाकून ठेव, हाफ डे चालणार नाही. आम्ही पोरींनी हट्टाने हळद ठेवलीय. पहिली हळद तू लावायचीस. आई नंतर, तू आधी, हे आईचंच म्हणणं आहे, मला विचारू नकोस. प्लेटा मोजायला रॉयस्टन आहे, तो बेस्ट मॅन आहे, त्याला काहीतरी काम पाहिजेच. अंगठ्या पण त्याच्याकडे, पण त्याच्या खिशावर माझा भरवसा नाही, चर्चमध्ये शिरायच्या आधी एकदा चेक कर. रिसेप्शनला ग्रँड मार्चमध्ये तुम्ही दोघं आमच्या मागे, नुसतं चालायचं असतं, बँडच्या तालावर, सोसायटीच्या गणपतीत तू त्याहून जास्त नाचतेस. भाषण नको. करायचंच असेल तर दोन मिनिटं, आणि डेकोरेशनवाल्याची गोष्ट सांगायची नाही. किंवा सांग. बघू.

आणि सही. हे मुख्य. मिस्सा झाली की रजिस्टरवर आम्ही दोघं सही करतो आणि खाली साक्षीदार. माझ्या आईपप्पांच्या लग्नाची नोंद पण ह्याच चर्चच्या जुन्या रजिस्टरात आहे, मी बघितलीय, शाई तपकिरी झालीय. तुझं माहेरचं नाव परत लावल्यावर तू बँकेसाठी नवीन सही बसवत होतीस ते आठवतं का, पेपरच्या कोपऱ्यावर, गाडी हलली की सही वाकडी, आणि तू वैतागून बोललीस की ह्या सहीला काय अर्थ, ही फक्त केवायसीच्या फॉर्मवर जाणार. तीच सही पाहिजे मला. वाकडी आली तरी चालेल.

नाही बोललीस तर मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू, पण रुसणार नाही. लोकांसमोर उभं राहणं तुला नको असेल, तुझ्या घरचे काही बोलतील असं असेल, तर तसं सांग, मी दुसऱ्या कोणाला तिथे उभी करणार नाही, सहीला चुलत बहीण येईल, आणि तू पहिल्या बाकावर आईजवळ बस. पण आधी एकदा नीट विचार कर. गणपतीला कणकवलीला जायच्या आत सांगितलंस तर बरं, साडीचा रंग ठरला की बुकेवालीला सांगायचंय.

आता रिप्लाय करू नकोस. व्हॉइस नोट तर अजिबात नको, तू सात मिनिटांची पाठवतेस. उद्या नेहमीची ७:५२. मी वसईला चढले की तू काही बोलायचं नाही, काकू लगेच कान देतात. हो असेल तर नेहमीसारखी माझी बॅग मांडीवर घे.

नाही असेल तरी घे, जड आहे, आईने सुकेळी दिलीयेत.

तुझीच,
जेनी