वार्षिक महोत्सव : प्रायोजकत्व तक्ता (कोणत्या रकमेतून कोणता खर्च)

महोत्सव तीन दिवसांचा, स्पर्धा चौदा. एकूण अंदाजपत्रक ७,५०,००० रुपये. त्यापैकी १,५०,००० महाविद्यालय देते, प्रवेश शुल्क आणि स्टॉलभाड्यातून १,१०,००० धरले आहेत. उरलेले ४,९०,००० प्रायोजकांकडून उभे करायचे आहेत.

गेल्या वर्षी आम्ही सगळे पैसे एकाच पेटीत टाकले. नंतर एका प्रायोजकाने विचारलं, "माझे पैसे नक्की कशाला लागले?" तेव्हा आमच्याकडे धड उत्तर नव्हतं. म्हणून यंदा प्रत्येक रकमेपुढे तिचा खर्च लिहिला आहे.

मुख्य प्रायोजक : २,००,००० (एकच जागा)

रंगमंच ६५,०००
ध्वनियंत्रणा ६०,०००
प्रकाशयोजना ४०,०००
जनरेटर ३५,००० (भाडे रोज ९,००० प्रमाणे २७,०००, डिझेल ८,०००)

जनरेटर पाहून काहींच्या भुवया उंचावतील. गेल्या वर्षी समूहनृत्य ऐन रंगात असताना वीज गेली. अकरा मिनिटं मुली अंधारात, प्रेक्षकांच्या टाळ्यांच्या ठेक्यावर नाचत राहिल्या. ऐकायला छान वाटतं, पण परीक्षकांना पावलंच दिसली नाहीत आणि निकालावरून वाद झाला. त्यामुळे हा आकडा कमी होणार नाही. डिझेलचं बिल मात्र प्रत्यक्ष वापराप्रमाणे येईल.

मुख्य प्रायोजकाचं नाव मंचाच्या मागच्या पडद्यावर, प्रवेशद्वारावर आणि सगळ्या पासांवर असेल.

सहप्रायोजक : ७५,००० (दोन जागा)

पहिली जागा समारोपाच्या संगीतसंध्येची. कलाकारांचं मानधन ६०,०००, प्रवास आणि मुक्काम १५,०००.

दुसरी जागा बक्षिसांची. दिसायला साधी, पण सगळ्यात जास्त घरांत पोचणारी. नऊ छोट्या स्पर्धांची रोख बक्षिसं २७,०००, त्यांच्या परीक्षकांचं मानधन १८,००० आणि प्रवास ६,०००. शिवाय चौदाही स्पर्धांची ४२ स्मृतिचिन्हं, प्रत्येकी ४०० प्रमाणे १६,८००, आणि ६०० प्रमाणपत्रं, प्रत्येकी १२ प्रमाणे ७,२००. प्रमाणपत्रावर प्रायोजकाचं नाव खालच्या ओळीत येईल. ते प्राचार्यांच्या सहीपेक्षा मोठं नसेल.

स्पर्धा प्रायोजक : २०,००० (पाच जागा)

समूहनृत्य, पथनाट्य, एकांकिका, गायन आणि प्रश्नमंजूषा. प्रत्येकीत बक्षिसं १०,००० (५,०००, ३,०००, २,०००), दोन परीक्षकांचं मानधन ६,००० आणि त्या स्पर्धेची खास गरज ४,०००. ही गरज वेगवेगळी असते. प्रश्नमंजूषेला बझर लागतात, तर पथनाट्याला माईक नको, फक्त रिंगण आखायला दोर आणि बसायला सतरंज्या हव्यात. नाव स्पर्धेच्या नावाआधी घेतलं जाईल.

सहयोगी : ८,००० (पाच जागा)

दोन जागांतून ८० स्वयंसेवकांचे टी-शर्ट (१४,४००) आणि ओळखपत्रं (१,६००). बाकी तीन जागा एकेका कामासाठी : पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, मैदानाची सफाई. सफाईला दरवर्षी कोणी पुढे येत नाही. यंदा जो येईल, त्याचा आभार-फलक आम्ही फाटकाशीच लावणार आहोत.

मांडव, खुर्च्या, सुरक्षा, छपाई आणि आकस्मिक निधी मिळून २,६०,००० होतात. ते महाविद्यालयाच्या आणि शुल्काच्या पैशातून. प्रायोजकांचे फलकही याच छपाईखात्यातून निघतील. तुमच्याच पैशांनी तुमचा फलक छापायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

जे विकायचं नाही

परीक्षकांची निवड, विद्यार्थ्यांचे फोन नंबर, आणि कार्यक्रमाच्या मध्ये भाषणाची वेळ. मुख्य प्रायोजकालाही उद्घाटनात तीनच मिनिटं मिळतील.

पैसे कमी पडले तर

मुख्य प्रायोजक मिळाला नाही, तर सगळ्यात आधी प्रकाशयोजना निम्मी होईल, मग मंच लहान होईल. बक्षिसांच्या रकमेला हात लावायचा नाही, कारण ती स्पर्धेच्या पत्रकात आधीच जाहीर झालेली असते. संगीतसंध्येला प्रायोजक नसेल, तर त्या दिवशी आपलेच विद्यार्थी गातील.

रोख रकमेऐवजी वस्तू दिली तरी चालेल, पण ती वरच्या तक्त्यात बसणारी हवी. तिची किंमत आमच्याकडे आलेल्या दरपत्रकाप्रमाणे धरू, छापील किमतीप्रमाणे नाही.

ध्वनी आणि मंचवाले निम्मी रक्कम आगाऊ घेतात. म्हणून निम्मे पैसे महोत्सवाच्या २१ दिवस आधी आणि उरलेले ७ दिवस आधी हवेत. धनादेश महाविद्यालयाच्या खात्याच्या नावानेच द्यावा. कोणत्याही विद्यार्थ्याच्या हातात रोख देऊ नये, माझ्याही नाही. पावती त्याच दिवशी मिळेल, आणि महोत्सवानंतर ३० दिवसांत आपल्या जागेच्या बिलांच्या प्रती. काही रक्कम उरली, तर ती आपल्याला कळवून पुढच्या वर्षीच्या खात्यात जमा करू.

कोषाध्यक्ष, सांस्कृतिक मंडळ