भूगोल सराव परीक्षा: नद्या
इयत्ता अकरावी | कनिष्ठ महाविद्यालय, नागपूर
वेळ: २ तास | एकूण गुण: ४०

सूचना

१. प्रश्न १, ३ आणि ४ पूर्ण सोडवायचे आहेत. प्रश्न २ आणि ५ मध्ये पर्याय आहेत.
२. आकृती पेन्सिलने काढा आणि नावे द्या. नावे नसलेल्या आकृतीला गुण मिळणार नाहीत.
३. गणितात एकक लिहायला विसरू नका.
४. या पेपरातल्या बऱ्याच नद्या तुम्ही रोज ओलांडता. पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले आणि कारणासह मांडलेले उत्तर इथे जास्त मोलाचे धरले जाईल.

---

प्रश्न १. एका वाक्यात किंवा सूचनेप्रमाणे उत्तरे लिहा. (प्रत्येकी १ गुण) [८]

१. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमानंतर पुढच्या प्रवाहाला कोणते नाव आहे?
२. पेंच ही कोणत्या नदीची उपनदी आहे? योग्य पर्याय निवडा: (अ) वर्धा (आ) कन्हान (इ) तापी (ई) इंद्रावती
३. गटात न बसणारा घटक ओळखा: रांजणखळगा, धबधबा, पूरतट, घळई
४. अंबाझरीजवळ नाग नदीत पडलेला पावसाचा थेंब समुद्रापर्यंत कोणत्या क्रमाने जाईल? लावून लिहा: प्राणहिता, कन्हान, गोदावरी, नाग, वैनगंगा
५. चूक दुरुस्त करून विधान पुन्हा लिहा: तापी आणि वर्धा या दोन्ही नद्या मुलताई परिसरात उगम पावतात आणि दोन्हींचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते.
६. आंतरराज्य नद्यांच्या पाण्याच्या तंट्यांविषयी राज्यघटनेतला अनुच्छेद कोणता?
७. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंडादेव येथे वैनगंगा कोणत्या दिशेला वळते?
८. पिवळी नदीचा उगम नागपुरातल्या कोणत्या तलावाशी जोडला जातो?

प्रश्न २. भौगोलिक कारणे लिहा. (कोणतीही दोन, प्रत्येकी ३ गुण) [६]

(अ) गोदावरीने मुखाशी मोठा त्रिभुज प्रदेश तयार केला, पण नर्मदा आणि तापी यांच्या मुखाशी खाडी आढळते.
(आ) नदीच्या वळणावर एका काठाला खोल डोह असतो, तर समोरच्या काठाला वाळू साचलेली असते.
(इ) भंडारा-गोंदिया भागातले मालगुजारी तलाव गाळाने भरले, की खालच्या अंगाचे ओढे आणि विहिरी उन्हाळ्यात लवकर आटतात.

प्रश्न ३. दोन्ही उपप्रश्न सोडवा. [८]

(अ) हिवाळ्यात कन्हानच्या काठी गेलेल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने प्रवाहाची एक धार मोजली असे समजा. धारेची रुंदी १२ मीटर, सरासरी खोली ०.८ मीटर. पाण्यात सोडलेल्या संत्र्याने २० मीटर अंतर ४० सेकंदांत कापले. पृष्ठभागाचा वेग सरासरी वेगापेक्षा जास्त असतो, म्हणून मिळालेल्या वेगाला ०.८ ने गुणा.
  (i) धारेचा विसर्ग घनमीटर प्रति सेकंद या एककात काढा. (२)
  (ii) पृष्ठभागावर पाणी जास्त वेगाने का वाहते? (१)
  (iii) संत्र्याऐवजी थर्माकोलचा तुकडा सोडला असता तर मोजमापात कोणती चूक शिरली असती? (१)

(आ) नागमोडी वळणापासून नालाकृती सरोवर कसे तयार होते, ते तीन टप्प्यांच्या नामनिर्देशित आकृत्यांनी दाखवा. प्रत्येक आकृतीखाली एक वाक्य लिहा. (४)

प्रश्न ४. उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा. [८]

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि ते पाणी नाग नदीच्या पात्रात आले. पात्र कुठे भिंतींमध्ये आवळलेले, कुठे पुलाखाली अरुंद झालेले. लोक झोपेत असतानाच काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तळमजले भरले, गाड्या वाहून गेल्या, माणसे दगावली. लावा टेकड्यांकडून वाहत येणारी ही नदी शहराच्या मधून जाते. एरवी तिला ‘नाला’ म्हणणाऱ्या अनेकांना त्या पहाटे ती नदी असल्याचे कळले.

(i) शहराचा ५ चौरस किलोमीटरचा भाग घ्या आणि त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. जमीन मोकळी असताना ३० टक्के पाणी वाहून जाते आणि सिमेंटने झाकल्यावर ८० टक्के, असे मानले तर नदीकडे किती जास्तीचे पाणी येईल? उत्तर लिटरमध्ये द्या. (३)
(ii) तेवढाच पाऊस जंगलातल्या ओढ्यावर पडला, तर पुराची कमाल पातळी उशिरा येते आणि ती कमीही असते. का? (२)
(iii) नाग नदीच्या पुरासाठी एक बांधकामाचा आणि एक बांधकामाशिवायचा उपाय सुचवा. दोन्हींपैकी आधी कोणता करावा, ते कारणासह लिहा. (३)

प्रश्न ५. कोणत्याही एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर लिहा. (२०० ते २५० शब्द) [१०]

(अ) शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि पुढे वैनगंगेवरच्या गोसीखुर्द जलाशयापर्यंत पोहोचते. या प्रवासात पाण्याचे आणि काठच्या माणसांचे काय होते, ते विरघळलेल्या ऑक्सिजनच्या संदर्भात समजावून सांगा. नागपुरात राहणाऱ्याची जबाबदारी कुठपर्यंत जाते, यावर तुमचे मत मांडा.

किंवा

(आ) गोसीखुर्दचे पाणी पश्चिमेकडे बुलढाण्यापर्यंत नेणारा वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. पूर्व आणि पश्चिम विदर्भाचे पर्जन्यमान, शेती, खोऱ्यातल्या लोकांच्या गरजा आणि नदीची स्वतःची गरज लक्षात घेऊन या प्रकल्पाविषयी साधकबाधक चर्चा करा आणि स्वतःचा निष्कर्ष लिहा.

---

## गुणदान योजना
(फक्त परीक्षकांसाठी)

प्रश्न १. १. प्राणहिता. २. (आ) कन्हान. ३. पूरतट, तो संचयनाने तयार होतो, बाकीची भूरूपे खननाची आहेत. कारण न लिहिताही १ गुण द्यावा. ४. नाग, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी. पूर्ण क्रम बरोबर असेल तरच गुण. ५. तापी अरबी समुद्राला मिळते. वर्धेचे पाणी प्राणहिता-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला जाते. नुसते ‘चूक’ लिहिणाऱ्याला शून्य. ६. अनुच्छेद २६२. ७. उत्तरेकडे. ८. गोरेवाडा.

प्रश्न २. प्रत्येक स्वतंत्र कारणाला १ गुण, कमाल ३.

(अ) नर्मदा आणि तापी खचदऱ्यांतून वाहतात. शेवटच्या टप्प्यात गाळ पसरायला रुंद, मंद उताराचे मैदान कमी मिळते. खंबातच्या आखातातली तीव्र भरती-ओहोटी गाळ साचू देत नाही. गोदावरी १,४६५ किलोमीटरच्या प्रवासात मोठ्या खोऱ्यातला गाळ आणते आणि तिचा शेवटचा टप्पा सपाट किनारी मैदानातून जातो. ‘पश्चिमवाहिनी नद्या त्रिभुज प्रदेश बनवत नाहीत’ एवढेच लिहिले असेल तर ते प्रश्नाचीच पुनरुक्ती आहे, गुण देऊ नयेत.

(आ) बाहेरच्या काठाला वेग जास्त, म्हणून खनन (१). आतल्या काठाला वेग कमी, म्हणून संचयन (१). वळणावर तळालगतचे पाणी आतल्या काठाकडे वळते आणि वाळू तिकडे ढकलते, किंवा वळण हळूहळू बाहेर सरकत जाते (१). पोहायला गेलेल्या मुलांना कोणत्या काठाला धोका असतो, हे कुणी लिहिले तर तिसरा गुण अवश्य द्यावा.

(इ) तलावाची साठवण कमी होते (१). मुरणारे पाणी घटते आणि भूजल पातळी उतरते (१). उन्हाळ्यात ओढा भूजलाच्या झिरप्यावरच वाहतो, तो आधार तुटतो (१).

प्रश्न ३ (अ). (i) पृष्ठवेग = २० ÷ ४० = ०.५ मीटर प्रति सेकंद. सरासरी वेग = ०.५ × ०.८ = ०.४. विसर्ग = १२ × ०.८ × ०.४ = ३.८४ घनमीटर प्रति सेकंद. रीत १, उत्तर एककासह १. दुरुस्तीचा गुणक विसरून ४.८० काढणाऱ्याला १ गुण. (ii) तळ आणि काठ यांच्याशी होणाऱ्या घर्षणाने तिथले पाणी मंदावते. वर तो अडथळा कमी असतो. (iii) थर्माकोल हलका असल्याने जवळजवळ पूर्ण पाण्याबाहेर राहतो आणि वाऱ्याने ढकलला जातो; त्यामुळे पाण्याऐवजी वाऱ्याचा वेग मोजमापात मिसळतो. संत्रे बहुतांश पाण्यात बुडालेले राहते.

(आ) तीन आकृत्यांना प्रत्येकी १, तिन्ही वाक्ये मिळून १. क्रम: वळण वाढते, वळणाची मान अरुंद होते, पुरात नदी मान तोडून सरळ जाते, जुन्या वळणाची तोंडे गाळाने बुजून सरोवर वेगळे पडते. प्रवाहाची दिशा बाणाने दाखवलेली नसेल तर अर्धा गुण कमी करावा. चित्रकलेचे गुण कापू नयेत.

प्रश्न ४. (i) ५ चौरस किलोमीटर = ५०,००,००० चौरस मीटर; × ०.१ मीटर = ५,००,००० घनमीटर (१). ८० टक्के म्हणजे ४,००,००० आणि ३० टक्के म्हणजे १,५०,०००. फरक २,५०,००० घनमीटर (१). म्हणजेच २५ कोटी लिटर (१). आकडेमोड चुकली पण मिलिमीटरचे मीटर बरोबर केले असतील तर पहिला गुण द्यावा. बरीच मुले तिथेच अडतात.

(ii) झाडे, पालापाचोळा आणि माती पाणी अडवतात, मुरवतात (१). उरलेले पाणी सावकाश, वेगवेगळ्या वेळी ओढ्यात पोहोचते, तर शहरात गटारे ते एकदम आणून सोडतात (१).

(iii) बांधकामाचा उपाय: सांडव्याची क्षमता वाढवणे, अडथळा ठरणारे पूल रुंद करणे, पाणी साठवणाऱ्या टाक्या. बांधकामाशिवायचा: पूररेषेत नवी परवानगी न देणे, पावसाळ्याआधी गाळ काढणे, वेळेवर इशारा, मोकळी मैदाने राखणे. प्रत्येकी १. प्राधान्याच्या कारणाला १. कोणतीही बाजू चालेल, पण कारण नाग नदीशी जोडलेले हवे. ‘जनजागृती करावी’ या एका वाक्यावर कृपया गुण देऊ नयेत. कोणाला, कशाची, कधी, हे लिहिले तरच.

प्रश्न ५ (अ). सांडपाण्यातला सेंद्रिय कचरा कुजताना सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरतात (२). आंघोळीयोग्य पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी ३ मिलिग्रॅमपर्यंत हवी. हे निकष किंवा त्यांचा अर्थ लिहिल्यास १. उन्हाळ्यात प्रवाह कमी आणि पाणी गरम, म्हणून ऑक्सिजन आणखी घटतो (१). वाहत्या, खळाळत्या पाण्यात हवेतून ऑक्सिजन परत मिसळतो. जलाशयात पाणी थांबते, पोषकद्रव्ये साचतात, जलपर्णी माजते (२). काठावर परिणाम: ढिवर समाजाची मासेमारी, गावांचे पिण्याचे पाणी, गुरे (२). स्वतःचे मत, कारणासह (२).

या उत्तरात मोजमापाचे आकडे आठवले नाहीत म्हणून हुशार मुलाचे दोनहून जास्त गुण कधीही जाऊ नयेत. ज्याला साखळी कळली आहे, त्याला ८ गुण मिळालेच पाहिजेत.

(आ) पूर्व विदर्भात पाऊस जास्त आणि भातशेती, पश्चिमेकडे पाऊस कमी आणि कापूस-सोयाबीन (२). फायदे: सिंचन, पिण्याचे पाणी, भूजलाला आधार (२). प्रश्न: भूसंपादन, पुनर्वसन, वीज व खर्च, खालच्या प्रवाहाला आणि जलचरांना लागणारे पाणी, ‘जास्तीचे पाणी’ कोणत्या महिन्यांत असते याची चर्चा (३). पर्याय: तलाव दुरुस्ती, पाणलोटाची कामे, ठिबक (१). निष्कर्ष (२): प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात, दोन्हींना सारखेच गुण. परीक्षकाच्या स्वतःच्या गावाला कालव्याचे पाणी मिळणार की नाही, याचा परिणाम गुणांवर होऊ नये. फक्त फायदे किंवा फक्त तोटे लिहिणाऱ्याला ६ पेक्षा जास्त गुण देऊ नयेत.